अडीचची जाग

"दोन पेग घेतले की दहा मिनिटांत डोळा लागतो. न घेता पडलो तर बारा वाजेपर्यंत आढ्याकडे बघत असतो. आता तूच सांग बाय, झोप कशाने येते ते."

मामाचा हा युक्तिवाद मी गेली काही वर्षं ऐकते आहे. तो खोटं बोलत नाही, हे आधीच सांगते. श्रीवर्धनला त्याची सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि एका दुपारीत वाडीतली बहुतेक पोफळी आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, पण नवं रोप लावून हातात पीक यायला पाच-सात वर्षं जातात. त्या उन्हाळ्यानंतर मामाची झोप गेली आणि ती परत आणायला रात्रीचा पेग आला. आता वाडी पुन्हा उभी राहिली आहे, पेग मात्र राहिला तो राहिलाच.

मी पुण्यात एका रुग्णालयाच्या झोप तपासणी विभागात काम करते. रात्री झोपायला आलेल्या माणसाच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला तारा लावायच्या, नाकाशी श्वासाची नळी, छातीवर पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, आणि मग सकाळपर्यंत पडद्यावर त्याची झोप वाचत बसायची, हे माझं काम. त्यामुळे मामाशी या विषयावर माझं पटत नाही. या खेपेला ओटीवर बसून आम्ही ते एकदा सविस्तर बोललो. मामी आतून ऐकत होती आणि शेवटी तीही बाहेर येऊन बसली.

"मामा, दारूने झोप लवकर लागते, हे मी नाकारतच नाही," मी म्हटलं. "त्यात संशोधकांमध्येही वाद नाही. २०१३ मध्ये इर्शाद इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं. कमी प्या, जास्त प्या, झोप लवकर लागते आणि रात्रीचा पहिला अर्धा भाग गाढ जातो. पण त्याच आढाव्यात पुढचं वाक्यही आहे. दुसरा अर्धा भाग मोडतो. तू मला रात्रीचं पहिलं पानच दाखवतोस. मला पुढचं विचारायचंय. तुला जाग किती वाजता येते?"

"येते अडीच-पावणेतीनला. पण ती लघवीला. पासष्टी उलटली, प्रोस्टेटचं वय आहे."

"रोज अडीचलाच?"

"जवळजवळ रोज."

"आणि मग?"

"मग काय, लागते परत. नाही लागली तर पडून राहतो. पहाटे कधीतरी डोळा लागतो, स्वप्नं पडतात भलभलती. साडेसहाला उठतो."

मी त्याला पेगचा हिशोब करायला सांगितला. मामा पिढीजात बागायतदार, हिशोबाला तो नाही म्हणत नाही. साडेआठला तो पहिला लार्ज घेतो, म्हणजे ६० मिली. साडेनऊच्या आत दुसरा संपतो. मग जेवण, सव्वादहाला अंथरूण. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २५ मिली, वजनात वीस ग्रॅम. दोन मिळून चाळीस ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाचं यकृत ताशी सात-आठ ग्रॅम जाळतं. काहींचं थोडं वेगाने, काहींचं सावकाश. ते घाईने करता येत नाही. लिंबू, ताक, कॉफी, काहीही घेतलं तरी यकृताचा वेग तोच.

"चाळीस भागिले सात," मामा म्हणाला. "साडेपाच-पावणेसहा तास."

"साडेआठपासून मोज."

त्याने मोजलं, आणि क्षणभर काही बोलला नाही. साडेआठ अधिक साडेपाच म्हणजे दोन. पावणेसहा धरले तर सव्वादोन. जेवणामुळे थोडं पुढे गेलं तर अडीच.

"योगायोग असेल," तो म्हणाला.

"असू शकतो. एकट्या माणसाच्या एका रात्रीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण रक्तातली दारू संपत आली की झोप मोडायला लागते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तुझं अडीच त्याच जागी येतं. आणि झोपताना तुझ्या रक्तात किती असते तेही बघ. सव्वादहाला शंभर मिलीलीटर रक्तात पन्नास मिलीग्रॅमच्या आसपास. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा तीस आहे. म्हणजे ज्या अवस्थेत तू स्कूटर चालवणार नाहीस, त्या अवस्थेत तू मेंदूला रात्रीचं सगळ्यात नाजूक काम करायला लावतोस."

"पण गाढ झोप तर लागते ना? तूच म्हणालीस पहिला अर्धा भाग गाढ जातो. मग माझा फायदाच झाला. गाढ झोप आधी उरकली, नंतर जरा हलकी झोपलो तर काय बिघडलं?"

हा मुद्दा चांगला होता, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं. झोप म्हणजे एकच एक सलग गोष्ट नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं रात्रभर चालतात. सुरुवातीच्या आवर्तनांत मेंदूच्या मंद लहरींची गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. या स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, पडद्यावर ते स्पष्ट दिसतं. दारू सुरुवातीच्या मंद लहरी थोड्या वाढवते आणि स्वप्नांची झोप मागे ढकलते. म्हणून पहिले तीन-चार तास आलेख छान सपाट दिसतो. मग दारू उतरते आणि चित्र बदलतं. अगदी वरच्या पातळीची, नुसती हाक मारली तरी मोडणारी झोप पसरते, मध्येमध्ये पूर्ण जागं होणं येतं, आणि उरलेली स्वप्नं त्या मोडक्या झोपेत तुकड्यातुकड्यांनी येतात. मामाला पहाटे पडणारी भलभलती स्वप्नं तीच.

"सुरुवातीची ती वाढीव गाढ झोपसुद्धा तुझ्या वाट्याला राहिलेली नाही," मी म्हटलं. "रोज घेणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय होते. लागोपाठ काही रात्री दारू देऊन बघितलेल्या प्रयोगांत झोप आणणारा गुण आठवड्याच्या आत फिका पडलेला दिसतो. मग दोनचे अडीच, अडीचचे तीन होतात. तू २०२० ला किती घ्यायचास?"

"एक."

"एक लार्ज?"

"स्मॉल," मामी आतून म्हणाली.

मामा यावर काही बोलला नाही. पण त्याने लगेच दुसरी बाजू धरली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली.

"हे बघ, मी काही न करता बसलेलो नाही. मागे गणपतीत सोडून पाहिली होती. घरात गणपती, म्हणून घेतली नाही. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या रात्री लागला तर वादळाची स्वप्नं. पोफळी पडताहेत, मी ओरडतोय. घामाघूम. तिसऱ्या रात्री छाती धडधडायला लागली म्हणून उठून बसलो. आता म्हण, बिना पेग झोप येते! तो माझा स्वतःचा अनुभव आहे, पुस्तकातला नाही."

बहुतेक माणसं नेमकी इथेच अडकतात. मामाने प्रयोग केला होता आणि प्रामाणिकपणे केला होता. उत्तर मात्र त्याने उलटं वाचलं होतं.

मेंदूत शांत करणारी आणि जागं ठेवणारी अशा दोन रसायनांची ओढाताण कायम चालू असते. शांत करणारं गाबा, उत्तेजित करणारं ग्लुटामेट. दारू पहिल्याला जोर देते आणि दुसऱ्याला दाबते, म्हणून गुंगी येते. मेंदू हे मुकाट्याने सहन करत नाही. बाहेरून कोणी दार ढकलत असेल तर आतला माणूस उलट जोर लावतो, तसा तो गाबाला प्रतिसाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटचा जोर वाढवतो. अडीचला दारू संपते, म्हणजे बाहेरचा माणूस अचानक निघून जातो, आणि आतला अजून पूर्ण ताकदीने ढकलत असतो. दार धाडकन उघडतं. ठोके वाढतात, घाम येतो, झोप पातळ होते. ही एका रात्रीची गोष्ट. जो कित्येक महिने रोज पितो, त्याच्या आतल्या माणसाला दिवसरात्र ढकलायची सवय झालेली असते. त्याने एके दिवशी पेग बंद केला, तर तो जोर ओसरायला काही रात्री लागतात. त्या रात्री वाईटच जातात. दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप एकदम उसळते, म्हणून स्वप्नं इतकी ठसठशीत आणि भीतिदायक होतात.

"म्हणजे गणपतीत जे झालं ते दारू नव्हती म्हणून नव्हे, दारू होती म्हणून?" मामाने विचारलं.

"आधीच्या वर्षांची होती म्हणून. तू तीन रात्री थांबलास आणि चौथ्या रात्री पेग घेतलास. घेतल्याबरोबर धडधड थांबली, झोप लागली. तुझ्या मनात पक्कं बसलं की पेगने रोग बरा केला. रोग त्यानेच दिलेला होता."

"तीन रात्रींत ते जाणार नव्हतं, असं म्हणतेस?"

"तुझ्याइतकं घेणाऱ्याला साधारण आठवडाभर तरी जड जातं. फार वर्षं फार पिणाऱ्यांची झोप तर कित्येक महिने पूर्ववत होत नाही. तो भाग वेगळा आणि गंभीर आहे."

मामाने मग आजोबांना मध्ये आणलं. आजोबा माडी प्यायचे. नारळाच्या माडावरून उतरवलेली, संध्याकाळी फेसाळलेली माडी. आणि रात्री असे झोपायचे की समुद्राला उधाण आलं तरी कळू नये. मामाचं म्हणणं असं, की दारू वाईट असती तर या किनाऱ्यावरच्या पिढ्यान्‌पिढ्या जागरणाने मेल्या असत्या.

मला आजोबांचं उदाहरण आवडलं, कारण त्यात उत्तर होतं. माडीत अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास असतं, ती जितकी वेळ ठेवावी तितकं वाढतं. तीनशे मिलीचा पेला धरला तर बारा ग्रॅम, म्हणजे मामाच्या एका लार्जपेक्षाही कमी. आजोबा तो पेला वाडीतून परत येताना पाच वाजता घ्यायचे आणि नऊला झोपायचे. झोपेच्या आधी दोन तास त्यांच्या अंगातून ती गेलेली असायची. शिवाय दिवसभर शिंपणं, झाडावर चढणं, सुपारी वाहणं. त्यांना झोप माडीने नाही, थकव्याने लागत होती.

"मामा, आणि तू दुपारी किती झोपतोस?"

"जेवल्यावर पडतो थोडा."

"दोन तास," मामी म्हणाली, आणि ओटीवर येऊन बसली. "दीडला पडतात, साडेतीनला चहाला उठतात. आणि अहो, घोरण्याचं सांगा की. ते का लपवताय?"

मामीची साक्ष या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची, असं माझं मत आहे. पेग घेतलेल्या रात्री मामा पाठीवर पडला की घोरायला लागतो. सुरुवातीला एकसारखं, मग आवाज वाढतो, मग मध्येच काहीच ऐकू येत नाही. मामी त्या शांततेत जागी होते, कारण तिला भीती वाटते. मग एकदम मोठा घोंघाट करून तो श्वास घेतो आणि कुशीवर वळतो. तो स्वतः हे ऐकत नाही. सकाळी विचारलं तर म्हणतो, "मी तर मस्त झोपलो होतो."

दारूने घशाचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते. ज्याला आधीच थोडं घोरणं आहे त्याचा श्वास मध्ये मध्ये थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू काही सेकंदांसाठी जागा होऊन वाट मोकळी करतो. अशी तीन-पाच सेकंदांची जाग माणसाला सकाळी आठवत नाही. माझ्या पडद्यावर मात्र प्रत्येक जाग उमटते. तासाला पंधरा-वीस वेळा जागी झालेली माणसं सकाळी तारा काढताना मला विचारतात, "झोप चांगली झाली ना माझी?" त्यांचा त्यात काही दोष नाही. झोप कशी झाली हे ज्या मेंदूने सांगायचं, तोच रात्रीच्या पहिल्या भागात गुंगीत असतो. त्याला लक्षात राहतं ते एवढंच, की उशीला डोकं टेकलं आणि डोळा लागला.

लघवीचंही तसंच आहे. दारू पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबते, त्यामुळे लघवी जास्त तयार होते, हे खरं. मामाच्या वयाला प्रोस्टेटही असेल, ते तपासून घ्यायलाच हवं. पण पुष्कळदा माणूस आधी जागा होतो आणि जागा झाल्यावर त्याला लघवी जाणवते. गाढ झोपेत तेवढी भरलेली पिशवी त्याला उठवत नाही.

"तुमचे हे प्रयोग गोऱ्या तरुण पोरांवर," मामा म्हणाला. "तारा लावून, परक्या खोलीत. मी माझ्या घरात, माझ्या गादीवर झोपतो. मला ते कसं लागू होईल?"

यात तथ्य आहे आणि मी ते मान्य केलं. प्रयोगशाळेतले बरेच अभ्यास निरोगी तरुणांवर झालेले आहेत. थोडी दारू घेणाऱ्यांत दुसऱ्या अर्ध्या भागातला बिघाड काही अभ्यासांत किरकोळ निघतो, आणि माणसामाणसांत फरकही मोठा. अमुक इतके थेंब घेतले की अमुक इतक्या वेळा जाग, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण घरातल्या गादीवरचाही पुरावा आहे. फिनलंडमध्ये चार हजारांवर नोकरदारांनी रोजचं जगणं जगत, आपापल्या घरी झोपताना हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र लावलं होतं. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिले ते झोपेचे फक्त पहिले तीन तास, म्हणजे मामा ज्यांना सोन्यासारखे तास म्हणतो तेच. थोडी प्यायलेल्या रात्री शरीराची विश्रांती सुमारे नऊ टक्क्यांनी कमी, मध्यम प्यायलेल्या रात्री चोवीस, जास्त प्यायलेल्या रात्री एकोणचाळीस. तरुण असोत, रोज व्यायाम करणारे असोत, फरक सगळ्यांत दिसला.

"म्हणजे मी गाढ पडलेला असताना माझं हृदय जागं?"

"जास्त काम करत असतं. झोपेत ठोके खाली यायला हवेत, ते नीट येत नाहीत. पहिला अर्धा भाग गाढ दिसतो, पण त्यातही पूर्ण विश्रांती नाही."

आता मामाचं चक्र मला पूर्ण दिसत होतं आणि मी ते त्याच्यासमोर मांडलं. रात्री अडीचनंतर झोप मोडते. सकाळी अंग जड, म्हणून दुपारी दोन तास झोप. जागेपणी मेंदूत अडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याच्याच भाराने रात्री पेंग येते. चहा-कॉफी याच रसायनाचा मार्ग अडवतात. दुपारी दोन तास झोपलं की साचलेलं बरंचसं उतरतं, आणि सव्वादहाला पेंग येत नाही. मग मामा म्हणतो, मला पेगशिवाय झोप येत नाही. दारू या अडिनोसिनचा भार कृत्रिमपणे वाढवते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेवढ्यापुरती झोप लागते, दारूबरोबर तो भार उतरतो आणि पुन्हा अडीच वाजतात.

"मग वादळानंतर मला झोप येत नव्हती त्याचं काय?" मामाने हळू आवाजात विचारलं. "तेव्हा तर पेगही नव्हता आणि दुपारची झोपही नव्हती."

"ती खरी होती. डोळ्यासमोर वाडी गेली, झोप जाणारच. तेव्हा तुला जे हवं होतं ते कोणी दिलं नाही, पेगने दिलं. म्हणून मी तुला दोष देत नाही. पण ती चिंता आता तेवढी नाही. पोफळींना फळ धरलंय. जागरण मात्र रोज नव्याने बनतंय, आणि ते ग्लासात बनतंय."

मग आम्ही काय करायचं ते ठरवलं. मी त्याला पेग सोड म्हटलं नाही. सोडला तर उत्तम, पण तो निर्णय त्याचा. मी मागितलं ते एवढंच, की प्यायचीच तर एकच लार्ज, आणि तो साडेसहाला, समुद्रावरून फिरून आल्यावर. वीस ग्रॅम साडेनऊपर्यंत जळून जातात आणि झोप दारू नसलेल्या रक्तावर लागते. दुपारी अर्धा तासच पडायचं, गजर लावून. रात्री कितीही कमी झोप झाली तरी सकाळी साडेसहालाच उठायचं, कारण रोजची उठायची वेळ पक्की असली की रात्रीची पेंग आपोआप वेळेवर येऊ लागते. आणि झोप लागली नाही तर अंथरुणात लोळत राहायचं नाही. उठून ओटीवर येऊन बसायचं, मंद दिव्यात, मोबाइल न घेता. डोळे जड झाले की परत जायचं. बिछान्यात जागं पडून राहायची सवय लागली की बिछानाच जागा ठेवायला लागतो.

"पहिला आठवडा वाईट जाईल," मी बजावलं. "गणपतीत झालं तसंच. स्वप्नं पडतील, मध्येच जाग येईल. तिसऱ्या रात्री घाबरून बाटली काढलीस तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि झोपेची गोळी अजिबात नाही. पेगबरोबर तर कधीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतात आणि त्यात माणसं दगावलेली आहेत."

"नोंद कोण ठेवणार?" मामीने विचारलं.

"तू. याला काही आठवत नाही."

देवघराजवळच्या कालनिर्णयवर ती रोज सकाळी लिहिणार आहे: पेग किती वाजता, घोरणं होतं का, मध्ये किती वेळा उठले. झोप किती वेळात लागली हे लिहायचं नाही असं मी मुद्दाम सांगितलं, कारण त्याच एका आकड्याने मामाला इतकी वर्षं फसवलं. पेग लवकर घेऊनही घोरणं आणि श्वास थांबणं सुरूच राहिलं, तर त्याची झोप तपासून घ्यायची, हेही ठरलं. मामाला पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. "बघू महिनाभर," तो म्हणाला, आणि लगेच, "पण साडेसहाला पेग म्हणजे माडीच झाली की."

हे लिहिताना माझ्या मनात मामासारखीच माणसं आहेत. मर्यादेत पिणारी, कोणाला त्रास न देणारी, झोपेसाठी म्हणून घेणारी. ज्याला सकाळी हात थरथरल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही, जो रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेतो, त्याने हा लेख वाचून एकाएकी सोडू नये. अशा शरीराला अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतं आहे, आणि तिथे जायला लाज वाटण्याचं काही कारण नाही.

बाकीच्यांना एवढंच सांगते. रोज रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येत असेल, तर झोपेची गोळी मागायला जाण्याआधी शेवटचा पेग किती वाजता संपला ते बघा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा की तुम्ही रात्री कसे झोपता.